फोटो पाठवलेत ना? आता ओरिजनल पाठवा!

इन्शुरन्स कंपनीकडून पत्र येतं. नुकसानीच्या फोटोंच्या मूळ फाइल्स पाठवा म्हणून. आपण म्हणतो, अहो, फोटो तर कधीच पाठवलेत! पण काढलेला फोटो आणि पाठवलेला फोटो, या दोन वेगळ्या गोष्टी असतात. आमच्या एका मित्राला हे कळलं, तेव्हा त्याच्या पोटात गोळा आला होता.

त्याचं नाव सांगणार नाही. तशी शपथच घातलीय त्याने. पुण्यात शिकतो, रूमवर राहतो. घरून मिळालेली चार वर्षं जुनी स्कूटर आहे. जूनमधल्या एका रात्री धो धो पाऊस झाला आणि रूमसमोरच्या झाडाची भलीमोठी फांदी थेट स्कूटरच्या तोंडावर पडली. सकाळी उठून बघतो तर काय, हेडलाइट फुटलेला, पुढचा एप्रन चिरलेला, मडगार्ड वाकडं, एक आरसा गायब.

नशीब चांगलं, की बाबांनी नुसता थर्ड पार्टी विमा काढला नव्हता. थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर. आपल्याच गाडीचं नुकसान भरून हवं असेल तर ‘ओन डॅमेज’ लागतं, ते त्याच्याकडे होतं. रूममेटने पटापट फोटो काढले, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले. ह्याने ते क्लेमला जोडले. गॅरेजवाल्याने खर्चाचा अंदाज दिला १४,६०० रुपये.

आणि इथेच गॅरेजवाला बोलून गेला, ‘‘मागचं साइड पॅनलपण गेलंय की तुझं. यातच घालून टाक ना! सगळेच घालतात.’’

ते पॅनल एप्रिलमध्ये पार्किंगमध्ये घासून फुटलं होतं. झाडाचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. पण त्याचा एक फोटो फोनमध्ये होताच. आमच्या मित्राने तो पाचवा फोटो म्हणून जोडून टाकला. दहा दिवसांनी ई-मेलवर पत्र आलं.

पत्रात काय होतं?

पत्र इंग्रजीत होतं. मराठीत सांगायचं तर साधारण असं:

‘आपल्या दुचाकीच्या नुकसानीच्या दाव्यासोबत आपण जोडलेले पाच फोटो आम्ही तपासले. त्यापैकी कोणत्याही फोटोत तो कधी व कोणत्या उपकरणावर काढला याची नोंद उपलब्ध नाही. फोटो क्रमांक ४ वर नंतर काही बदल केलेले दिसतात. फोटो क्रमांक ५ मधील परिस्थिती इतर फोटोंशी जुळत नाही. त्यामुळे दाव्याचा निर्णय घेण्याआधी आम्हांला पुढील गोष्टी हव्यात.

१. पाचही फोटोंच्या मूळ फाइल्स, कॅमेऱ्याने जशा साठवल्या तशाच. कापलेल्या, सुधारलेल्या किंवा स्क्रीनशॉट काढलेल्या नकोत. २. प्रत्येक फोटो कोणी, कोणत्या फोनवर, कधी काढला याची एका ओळीत माहिती. ३. एखादी मूळ फाइल उपलब्ध नसल्यास तिचं कारण. ४. दाव्याचा निकाल लागेपर्यंत या फाइल्स फोनमधून काढून टाकू नयेत.

सात दिवसांत उत्तर द्यावे. हे पत्र म्हणजे दावा नाकारल्याची सूचना नाही.’

खाली क्लेम्स ऑफिसरचं नाव आणि नंबर.

शेवटचं वाक्य आमच्या मित्राने वाचलंच नाही. त्याने फक्त ‘फोटो क्रमांक ५’ वाचलं आणि तो बेडवर बसला.

व्हॉट्सअ‍ॅपने नेमकं काय खाल्लं?

आधी पहिल्या चार फोटोंचं बघू. कारण ते शंभर टक्के खरे होते. तरीही त्यांच्यावर शंका आली, ती का?

फोन जेव्हा फोटो काढतो तेव्हा तो फक्त चित्र साठवत नाही. त्याच फाइलमध्ये एक चिठ्ठीही खोचून ठेवतो. तिला एक्झिफ म्हणतात. फोटो काढल्याची तारीख आणि वेळ, फोनची कंपनी आणि मॉडेल, लेन्सचं सेटिंग, आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशसुद्धा. गॅलरीत फोटो उघडून वर सरकवला की यातलं बरंचसं दिसतं. कधी बघितलं नसेल तर आत्ता बघा.

आता हाच फोटो नेहमीसारखा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की दोन गोष्टी होतात. पहिली, ती चिठ्ठी काढून टाकली जाते. प्रायव्हसीच्या दृष्टीने ते चांगलंच आहे, नाहीतर प्रत्येक फॉरवर्डसोबत आपल्या घराचा पत्ता फिरला असता. दुसरी, फोटो दाबून लहान केला जातो. चार-पाच एमबीची फाइल काहीशे केबीवर येते. वर फाइलचं नावही बदलतं. रूममेटच्या फोनमध्ये नाव होतं `IMG_20250622_074148.jpg`. आमच्या मित्राच्या फोनमध्ये ते झालं `IMG-20250622-WA0014.jpg`. ‘डब्ल्यूए’वालं नाव दिसलं, की ऑफिसरला लगेच कळतं, ही व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली कॉपी आहे. आणि त्या नावातली तारीख फोटो काढल्याची नसते, पाठवल्याची किंवा आल्याची असते. म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा फोटो आज फॉरवर्ड केला तरी नावात आजची तारीख दिसेल. मग तिच्यावर विश्वास कसा ठेवणार?

पण तारखेपेक्षा मोठा मुद्दा दुसराच आहे. जेपीजी फोटो साठवताना चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे बारीक चौकोन पाडले जातात आणि प्रत्येक चौकोनातला थोडा तपशील टाकून दिला जातो. म्हणून फाइल लहान होते. या दाबण्याची एक खूण चित्रभर राहते. कोणी दुसऱ्या फोटोतली चीर उचलून इथे चिकटवली, तर त्या तुकड्याची खूण शेजारच्या भागाशी जुळत नाही. तपासणाऱ्याला ते सॉफ्टवेअरमध्ये दिसू शकतं. पण तोच फोटो पुन्हा लहान करून पुन्हा दाबला तर? भिंतीला कुठे प्लास्टरचं ठिगळ लावलंय ते आधी दिसत होतं, आता सगळ्या भिंतीला नवा रंग मारला, असं होतं. ठिगळ असेल तर ते झाकलं जातं. आणि ठिगळ नसेल तर ‘नाही’ हेही दाखवता येत नाही.

पत्राचं खरं कारण हे आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत खरा माणूस आणि बनवाबनवी करणारा माणूस सारखेच दिसतात. हल्ली फोनवर बोटाने डेंट काढता येतो आणि बोटाने घालताही येतो. त्यामुळे ऑफिसर म्हणतो, मला पहिली फाइल द्या.

चौथ्या फोटोचं तर अजूनच गमतीदार होतं. आमच्या मित्राने ऑफिसरला सोपं पडावं म्हणून तो फोटो कापला, उजेड वाढवला आणि चिरेभोवती लाल गोल काढला. हेतू चांगलाच होता. पण कापताना स्कूटरची नंबर प्लेट बाहेर गेली! आता ती चीर कोणाच्या स्कूटरची आहे, हे त्या फोटोवरून सांगताच येईना.

पाचव्या फोटोची गोष्ट

पाचवा फोटो पकडायला कुठलंही सॉफ्टवेअर लागलं नव्हतं. पहिल्या चार फोटोंत जमीन ओली होती, पानांचा चिखल होता, आकाश ढगाळ असल्यामुळे कुठेच ठळक सावली नव्हती. पाचव्यात कोरडी ठणठणीत फरशी आणि स्कूटरची कडक काळी सावली. शिवाय पहिल्या चार फोटोंत पुढच्या बाजूला कॉलेजचा नवा पार्किंग स्टिकर दिसत होता. पाचवा फोटो तिरक्या बाजूने काढलेला होता, तरी स्टिकरची जागा दिसत होती. तिथे स्टिकर नव्हता. असणार कसा? कॉलेजने तो जूनमध्ये दिला होता.

रूमवर त्या रात्री परिषद भरली. एकाने सांगितलं, ‘‘अरे, तारीख बदलायचं अ‍ॅप असतं. दोन मिनिटांचं काम आहे.’’ दुसरा म्हणाला, ‘‘सांग ना, फोन फॉरमॅट झाला म्हणून.’’

पहिल्याचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. एक्झिफमधली तारीख बदलणं अवघड नाही. पण म्हणूनच कुठलाही शहाणा ऑफिसर नुसत्या तारखेवर निर्णय घेत नाही. तो सगळ्या गोष्टी एकमेकींशी ताडून बघतो. वेळ आणि उजेड जुळतो का? फोटोचं मॉडेल आणि सांगितलेला फोन एकच आहे का? त्याच सकाळी काढलेल्या फोटोंची नावं ओळीने येतात का? सगळ्या फोटोंत चीर एकाच जागी, एकाच आकाराची आहे का? तारीख जूनची केली तरी फरशी ओली होणार नव्हती आणि स्टिकर उगवणार नव्हता. उलट आतापर्यंत जी ‘विसंगती’ होती ती आता ‘पुराव्यात फेरफार’ झाली असती.

मग त्याने हिशोब केला. खरं तर हा हिशोब आधीच करायला हवा होता. पॅनलची किंमत २,२०० रुपये. पॅनल प्लास्टिकचं. ‘झिरो डेप’ नसलेल्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागावर निम्मा घसारा कापतात. म्हणजे फार तर १,१०० रुपये मिळणार. या अकराशेसाठी अख्खा क्लेम पणाला लागला होता. कारण गाडीच्या पॉलिसीत अट असते, की दावा खोटा किंवा लबाडीचा ठरला तर कंपनी तो पूर्ण नाकारू शकते. नुसतं पॅनल नाही, झाडाने फोडलेला हेडलाइटसुद्धा गेला असता. प्रकरण ताणलं गेलं तर ते फसवणुकीच्या गुन्ह्यापर्यंतही जाऊ शकतं, ते वेगळंच.

फोन लावला

दुसऱ्या दिवशी त्याने नंबर लावला. पत्रातला नाही हं! पॉलिसीच्या कागदावरचा कस्टमर केअरचा नंबर लावून आधी विचारलं, हे पत्र तुमचंच ना? हे फार महत्त्वाचं आहे. ‘क्लेम ऑफिसर बोलतोय’ म्हणून एखादं अ‍ॅप टाकायला लावणारे, ओटीपी मागणारे भामटे कमी नाहीत. खरा ऑफिसर फाइल्स मागतो. गुगलचा पासवर्ड मागत नाही, की अनलॉक केलेला फोनही.

पत्र खरं होतं. मग तो ऑफिसर मॅडमशी बोलला.

‘‘मॅडम, पाचवा फोटो जुना आहे. एप्रिलचा. पॅनल झाडाने फुटलेलं नाही.’’

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग त्या म्हणाल्या, ‘‘हे तुम्ही लेखी द्या. पॅनलची मागणी मागे घेतोय असं स्पष्ट लिहा. आणि बाकीच्या चार फोटोंच्या ओरिजनल फाइल्स पाठवा. पुढचं मी वर विचारून सांगते.’’

त्याने विचारलं, ‘‘एक्झिफमध्ये काही गडबड दिसली तर लगेच रिजेक्ट होतं का?’’

‘‘नाही हो. चिठ्ठी नसणं म्हणजे लबाडी नव्हे. निम्म्या लोकांना माहीतच नसतं. माझं काम शंका मिटवायचं आहे. तुम्ही फाइल दिलीत तर माझीही सुटका.’’

मॅडमनी आणखी एक गंमत सांगितली. नवीन लोक कधी कधी लोकेशनच्या नोंदीतली वेळ बघून दचकतात. फोटो सकाळी ७.४१चा आणि जीपीएसची वेळ रात्री २.११ची! पण जीपीएसची वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते आणि आपण तिच्यापुढे साडेपाच तास. म्हणजे दोन्ही वेळा एकच. तसंच ‘सॉफ्टवेअर’ या रकान्यात काही लिहिलेलं असलं तरी तो एडिटिंगचा पुरावा नसतो. कित्येक फोन तिथे स्वतःच्या सिस्टिमचंच नाव लिहितात.

ओरिजनल शोधायचं कुठे?

आता रूममेटचा फोन काढला. ज्याच्या कॅमेऱ्याने फोटो काढला, त्याच्याच फोनमध्ये ओरिजनल. पाठवणाऱ्याच्या किंवा मिळालेल्याच्या फोनमध्ये नाही. तीन फोटो गॅलरीत सापडले. चौथा रूममेटने जागा करण्यासाठी फोनमधून उडवला होता, पण तो गुगल फोटोजमध्ये होता. तिथून डाउनलोड केला. इथे एक अडचण असते. बॅकअप ‘ओरिजनल क्वालिटी’वर असेल तर फाइल जशीच्या तशी मिळते. ‘स्टोरेज सेव्हर’वर असेल तर चित्र दाबलेलं मिळतं, तारखेची चिठ्ठी मात्र सहसा टिकते. रूममेटचं स्टोरेज सेव्हर होतं. मित्राने पत्रात तेच लिहून टाकलं: ‘चौथ्या फोटोची मूळ फाइल फोनमध्ये नाही, ही क्लाउडवरची दाबलेली प्रत आहे.’ मूळ नाही तर नाही म्हणून सांगायचं. ‘बहुतेक ओरिजनलच असेल’ असं मोघम लिहायचं नाही.

आयफोनवाल्यांचं थोडं वेगळं. तिथे मूळ फाइल बहुतेक वेळा हाइक प्रकारची असते आणि शेअर करताना ती गुपचूप जेपीजी होऊ शकते. शेअर करताना वर ‘ऑप्शन्स’ असतं, त्यात ‘ऑल फोटोज डेटा’ चालू करायचं. फोटोवर एडिटिंग केलं असेल तर ‘रिव्हर्ट’ने मूळ रूप परत येतं.

लॅपटॉपवर फाइल घेतल्यावर मित्राने एक तपासणी केली. एक्झिफटूल नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. त्यात एवढंच लिहायचं:

```
exiftool -DateTimeOriginal -Model IMG_20250622_074148.jpg
```

तारीख आणि फोनचं मॉडेल आलं, म्हणजे चिठ्ठी शाबूत आहे. हे रिकामं आलं तर समजायचं, आपण चुकून कॉपीच उचलली.

फाइल्स पाठवल्या ई-मेलने, झिप करून. व्हॉट्सअ‍ॅपवरूनच पाठवायच्या असत्या तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडायच्या, ‘फोटो’ म्हणून नाही. डॉक्युमेंट म्हणून गेलेली फाइल दाबली जात नाही, चिठ्ठीही तशीच जाते.

पुढे काय झालं?

पुढच्या आठवड्यात कंपनीचा माणूस गॅरेजमध्ये येऊन स्कूटर बघून गेला. मित्राने तोपर्यंत दुरुस्ती सुरू केली नव्हती, हे एक शहाणपण. गाडी समोर असेल तर फोटोंवरचा भार निम्मा होतो. समोरच्या दुकानाच्या सीसीटीव्हीत फांदी बाजूला करतानाचं दृश्यही होतं, ते त्याने जोडलं.

पॅनल वगळून, घसारा आणि दुचाकीसाठी कापले जाणारे सक्तीचे १०० रुपये वजा करून बाकीचा क्लेम मंजूर झाला. प्रत्येक वेळी असंच होईल, असं मात्र समजू नका. कबुली दिल्यावरही कंपनी अडून बसू शकली असती, कारण खोटा फोटो त्यानेच जोडला होता. पाचव्या फोटोचं स्वतःहून, पुरावा बदलण्याआधी आणि लेखी सांगितलं, एवढीच त्याची जमेची बाजू होती.

आणि तुमचे फोटो खरे असूनही क्लेम अडला तर? सर्वसाधारण विम्यात कागदपत्रं नाहीत एवढ्याच कारणावरून दावा फेटाळायचा नाही, असं विमा नियामकाने २०२४मध्ये स्पष्ट केलंय. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. पुण्यातही त्यांचं ऑफिस आहे आणि फी लागत नाही. तिथेही पहिला प्रश्न हाच येणार: मूळ फाइल कुठे आहे?

हे लक्षात ठेवा

• नुकसान झालं, की आधी लांबून फोटो: नंबर प्लेट, जागा, आजूबाजूचं सगळं दिसेल असा. मग जवळून. सगळे एकाच फोनने, सलग.

• खुणा करायच्याच असतील तर कॉपीवर करा. मूळ फाइलला हात लावू नका.

• त्याच दिवशी फाइल्स ड्राइव्हवर किंवा लॅपटॉपवर ठेवा. क्लेम मिटेपर्यंत ‘फ्री अप स्पेस’ दाबू नका.

• मूळ फाइलमध्ये तुमचं लोकेशन असतं. मागितलेल्याच फाइल्स द्या, अख्खा अल्बम शेअर करू नका.

आमचा मित्र आता नव्या हेडलाइटची स्कूटर चालवतो. मागचं फुटकं पॅनल अजून तसंच आहे. विचारलं तर म्हणतो, ‘‘राहू दे. ते माझ्या खिशातून होईल तेव्हा होईल.’’